दाढेच्या ठणक्यावर रोज रात्री क्वार्टर, आणि पहाटे तीनला पुन्हा तेच. असं का होतंय?

उजळाईवाडीकर (शुक्रवार, रात्री १०:४०)
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या थोरल्या भावाबद्दल आहे. दादा ४४ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला आहे, बॉक्स उचलून उचलून कंबर आधीपासूनच धरलेली असते. आता दोनेक महिने झाले खालची उजवी दाढ ठणकतीय, अक्कलदाढेच्या अलीकडची. दवाखान्यात चल म्हटलं की सुट्टी न्हाई, बघू पुढच्या आठवड्यात. आणि रात्री दाढ आणि कंबर दोन्हीवर एकच औषध, व्हिस्की.
आधी प्यायचा पण शनिवार रविवार, मित्रांबरोबर. दुखायला लागल्यापासून रोज. सुरुवातीला नाइंटीत झोप लागायची, आता क्वार्टर संपते आणि कधी कधी वर अजून थोडी लागते. वहिनी म्हणते जेवून साडेदहा अकराला झोपतो गाढ, आणि पहाटे तीन साडेतीनला घामाघूम होऊन उठून बसतो, गाल धरून, आणि त्या वेळचं दुखणं संध्याकाळपेक्षा जास्त असतं. मग मोरीत जाऊन गार पाण्याची चूळ तोंडात धरून उभा राहतो, त्यानं जरा थांबतं.
त्याचं म्हणणं दारू आहे म्हणून निदान चार तास तरी झोप मिळते. वहिनीचं म्हणणं दारूनंच वाढलंय. मला दोघांचंही पटतंय म्हणून इथं विचारतोय. खरंच दारूनं दुखणं वाढतं का, की दाढच जास्त किडलीय आणि आम्ही उगाच दारूला धरून बसलोय?

पैलवान_गंगावेस (शुक्रवार, रात्री ११:०५)
भावा दारू पोटात घालून काय होणार, दुखतंय तिथं लाव की. आमच्या तालमीत जुने वस्ताद रमचा बोळा दाढेत धरायला सांगायचे, दहा मिनिटं धरायचा, जंतू मरतात आणि बधिर होतं. दारू म्हणजे स्पिरिटच की शेवटी. नाहीतर लवंगेचं तेल. पण रोज क्वार्टर म्हणजे लई होतंय, ते बंद कर म्हणावं.

निनाद_के (शुक्रवार, रात्री ११:२०)
दाढ काढायच्या आधी भीती वाटते म्हणून थोडी घेतली तर चालते, माझ्या मामांनी घेतली होती, काही झालं नाही. फक्त डॉक्टरला कळू द्यायचं नाही.

उजळाईवाडीकर (शुक्रवार, रात्री ११:२८)
निनाद, काढायचं अजून ठरलेलंच नाही रे, तो दवाखान्याची पायरीच चढत न्हाई. मी रोजच्या रात्रीच्या पिण्याबद्दल विचारतोय.

दंतवैद्य_राजारामपुरी (शनिवार, सकाळी ७:५०)
उजळाईवाडीकर, तुमचे दादा आणि वहिनी दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघं रात्रीच्या वेगवेगळ्या वेळेबद्दल बोलतायत. मी दातांची डॉक्टर आहे, असे पेशंट रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
पहिलं म्हणजे दारूनं दुखणं कमी होतं, ही थाप नाही. दोन मोठे पेग, म्हणजे साठचे दोन, पोटात गेले की साधारण सत्तर किलोच्या माणसाला दुखणं खरंच बोथट होतं. पण लक्षात घ्या, गाडी चालवायला कायद्यानं जी मर्यादा आहे, शंभर मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम, तिच्या दुपटीपेक्षा जास्त दारू रक्तात असेल तेव्हा कुठं हा फरक नीट जाणवतो. म्हणजे औषध म्हणून घ्यायची तर रोज नशा होईपर्यंतच घ्यावी लागते, थोडीशी घेऊन भागत नाही.
आता पहाटे तीनचं. क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅमच्या आसपास जिरवतं, त्याहून वेगानं नाही, लिंबू पिळा नाहीतर ताक प्या. दादा नऊ साडेनऊला बसत असतील तर पहाटे तीनपर्यंत बरीचशी उतरलेली असते. आणि त्रास नेमका उतरतानाच असतो. दारू मेंदूला दाबते, मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावतो, जसं कुणी बाहेरून दार लोटत असेल तर आपण आतून खांदा लावतो. बाहेरच्यानं अचानक सोडलं की आपण तोंडावर आपटतो. दारू उतरते पण मेंदूचा जोर तसाच राहतो, म्हणून घाम, धडधड, झोप उडणं, आणि जे दुखणं रात्री आठ वाजता दहापैकी सहा होतं ते पहाटे तीन वाजता दहापैकी आठ वाटतं. दाढ तीच आहे, किडही तेवढीच आहे, पण ते जाणवून घेणारा मेंदू त्या वेळी जास्त चेतलेला आहे.

उजळाईवाडीकर (शनिवार, सकाळी ८:१५)
डॉक्टर खूप आभार. वहिनीला वाचून दाखवलं, ती म्हणाली हेच मी सांगत होते. पण मग नाइंटीची क्वार्टर का झाली? दादा म्हणतो दुखणं वाढलं म्हणून डोस वाढला.

दंतवैद्य_राजारामपुरी (शनिवार, दुपारी २:१०)
ओपीडी संपली, आता लिहिते. दोन्ही गोष्टी झाल्या असणार. दाढ बिघडत गेलीच असेल. पण रोज घेतली की मेंदूला सवय होते, शांत करणारी यंत्रणा दारूला कमी दाद द्यायला लागते आणि चेतवणारी यंत्रणा जास्त ताकदीनं चालायला लागते. मग नाइंटीत जो आराम मिळायचा त्याला क्वार्टर लागते.
आणि खरी फसवणूक याच्या पुढं आहे, ती बऱ्याच जणांना कळत नाही. काही आठवडे रोज भरपूर घेतल्यावर न घेतलेल्या वेळची, म्हणजे दिवसाची, दुखणं सोसायची ताकदच खाली येते. दादांना पूर्वी बॉक्स उचलून जेवढी कंबर दुखायची त्यापेक्षा आता तेवढ्याच कामाला जास्त दुखत असेल. विचारून बघा, दुपारी कसं असतं. संध्याकाळी घेतल्यावर जो आराम वाटतो त्यातला मोठा भाग म्हणजे दारूनंच वाढवलेलं दुखणं दारूनं तात्पुरतं खाली आणणं. माणूस फक्त आधी होता तिथंच परत येतो, पण त्याला वाटतं औषध लागू पडलं. त्यात झोप तुटलेली, आणि तुटक्या झोपेनं दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं हे तर दारू न पिणाऱ्यांनाही लागू आहे.

पैलवान_गंगावेस (शनिवार, दुपारी २:४०)
मॅडम बोळ्याचं काय, ते तर पोटात जात न्हाई.

दंतवैद्य_राजारामपुरी (शनिवार, दुपारी ३:०५)
पैलवान, लवंगेच्या तेलाचं तुमचं बरोबर आहे, त्यात युजेनॉल असतं, आम्ही दातात तात्पुरतं जे सिमेंट भरतो त्यातही तेच असतं. थेंबभर कापसाला लावून पोकळीत ठेवलं तर थोडा वेळ बरं वाटतं, हिरडीला लागू द्यायचं नाही, पोळते.
रमचा बोळा मात्र नको. जंतू आहेत ते दाढेच्या आत, नसेपर्यंत पोचलेले. वरून लावलेली दारू तिथपर्यंत जातच नाही. बाहेर जी हिरडी आणि गाल आहे ते मात्र पोळतात. माझ्याकडं असे पेशंट येतात, गालाच्या आतून पांढरी साल निघालेली, खाली लालबुंद कच्चं मांस. मग दाढेचं आणि गालाचं अशी दोन दुखणी, आणि माणूस म्हणतो दाढ पसरली. रम, ब्रँडी, कोलन वॉटर, काहीही असो, हेच होतं. कुणी कुणी डोकेदुखीची गोळी चुरून हिरडीवर ठेवतात, तेही असंच पोळतं.

पैलवान_गंगावेस (शनिवार, दुपारी ३:१२)
बरं, बोळा कॅन्सल. पण चूळ भरून थुंकली तर?

दंतवैद्य_राजारामपुरी (शनिवार, दुपारी ३:२०)
फायदा नाही, आणि शेवटी कुणी थुंकत नाही. कोमट मिठाच्या पाण्याची चूळ भरा, तेवढी पुरे.
उजळाईवाडीकर, तुम्ही एक गोष्ट लिहिलीय तिच्याकडं माझं जास्त लक्ष आहे. गार पाणी तोंडात धरलं की थांबतं. चहा गरम लागला की कळ उठते का, आणि उठली की कपबशी खाली ठेवल्यावरही मिनिटा-दोन मिनिटं तशीच राहते का? आडवं झालं की वाढतं का?

उजळाईवाडीकर (शनिवार, संध्याकाळी ६:३०)
विचारलं. हो, चहाचं अगदी असंच आहे, त्यानं तर चहा गार करून प्यायला सुरुवात केलीय. आडवं झालं की वाढतं, म्हणून तीनला उठून बसतो तो परत आडवा होतच न्हाई. आणि दुपारचं पण खरं निघालं, हल्ली दुपारी चारनंतर कंबर इतकी धरते की सुपरवायझरनं दोनदा विचारलं म्हणे. आधी असं न्हवतं.

दंतवैद्य_राजारामपुरी (शनिवार, संध्याकाळी ७:१५)
मग न बघताही सांगते, दाढेतली नस सडायला लागलीय असंच वाटतंय, एक्स-रे काढल्यावर नक्की होईल. दाताच्या आतली जागा हाडासारखी कडक, बंद. आत सूज आली की पसरायला जागाच नाही, आडवं झालं की डोक्याकडं रक्त वाढतं आणि दाब अजून वाढतो. गारानं तो दाब क्षणभर उतरतो. ही अवस्था आपोआप बरी होत नाही.
पण एक दिवस ती आपोआप थांबते, आणि मला काळजी तिचीच आहे. नस पूर्ण मेली की ठणका बंद होतो. दारू पिणाऱ्या माणसाला वाटतं बरं झालं, आणि दवाखाना कायमचा टळतो. आत मात्र पू व्हायला सुरुवात होते. काही दिवसांनी किंवा महिन्यांनी चावताना दाढ उंच झाल्यासारखी लागते, मग गळू, मग सूज. खालच्या दाढेची सूज जबड्याखाली उतरली, तोंड दोन बोटं जाईल एवढंही उघडेना, गिळायला त्रास व्हायला लागला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच उठवून सीपीआर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. ती सूज श्वास बंद करू शकते. आणि पिऊन झोपलेल्या माणसाला हे वेळेत कळत नाही, हे मुद्दाम लिहितेय.

निनाद_के (शनिवार, संध्याकाळी ७:४०)
बापरे. मामांची पण दाढ अशीच थांबली होती, मग सहा महिन्यांनी गाल सुजला. तोपर्यंत आम्ही सगळे म्हणत होतो ब्रँडीनं बरी झाली.

कसबाबावडा_मेडिकल (शनिवार, रात्री ९:२०)
माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून माझ्या बाजूनं लिहितो. ही माणसं रात्री दारू घेतात आणि दिवसा गोळ्या, आणि दोन्हीचं कुणी एकत्र हिशेब करत नाही. कंबरेला एक गोळी, दाढेला दुसरी, अंग मोडलं म्हणून तिसरी. त्या तिन्ही स्ट्रिपा उलट्या करून मागं बारीक अक्षरात वाचा. अॅसिक्लोफेनॅक लिहिलेल्यातही ३२५ पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकच्या जोडगोळीतही ३२५ किंवा ५००, आणि तापाच्या गोळीत ६५०. माणसाला वाटतं तीन वेगळी औषधं घेतोय आणि पोटात पॅरासिटामॉलच साचत जातं.
साध्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमपर्यंत चालतं म्हणतात, पण रोज पिणाऱ्याला डॉक्टर २ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, कारण दारूनं लिव्हरचा पॅरासिटामॉल फोडायचा रस्ताच बदललेला असतो, विषारी तुकडा जास्त तयार होतो आणि तो निपटवायचा साठा कमी असतो. दुसरीकडं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन दारूबरोबर घेतलं तर पोटातून रक्तस्राव. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर समजायचं. कंबरेसाठी स्नायू सैल करायच्या गोळ्या किंवा प्रेगाबालिन, ट्रामाडॉल चालू असेल तर दारू अजिबात नको, झोपेत श्वास मंदावतो.

उजळाईवाडीकर (शनिवार, रात्री ९:४५)
दादाच्या डब्यात बघितलं. अॅसिक्लोफेनॅक पॅरासिटामॉलवाली आणि ६५०ची वेगळी स्ट्रिप, दोन्ही आहेत. दिवसात किती घेतो विचारलं तर म्हणतो लागेल तशी.

कसबाबावडा_मेडिकल (शनिवार, रात्री १०:००)
लागेल तशी हेच धोक्याचं आहे भाऊ. दोन्ही स्ट्रिपा घेऊन डॉक्टरकडं जा, आणि रोज किती पितो तो आकडा खरा सांगा, अर्धा करून नको.

आक्का_गडहिंग्लज (रविवार, सकाळी ६:१०)
लेकरांनो एक सांगते, मला राहवेना म्हणून लिहितेय. हे सगळं वाचून उद्या दादाची बाटली फोडून टाकू नका. आमच्या घरात हे झालंय. आमचे मालक वर्षानुवर्षं रोज घ्यायचे, पाठ दुखते म्हणून सुरू झालेलं. देवळात शपथ घेतली आणि एका दिवसात बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, पाण्याचा तांब्या धरता येईना, आणि रात्री फिट आली. दातखीळ बसली, डोळे पांढरे. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले पिणं थांबवलं म्हणून आलीय, हळूहळू गोळ्या देऊन थांबवायला हवं होतं. तुमचा दादा दोनच महिने रोज घेतोय, कदाचित त्याला एवढं होणार न्हाई, पण विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका.

दंतवैद्य_राजारामपुरी (रविवार, सकाळी ८:३०)
आक्का, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, माझ्याकडून राहिलं होतं. साधारण सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेली माणसं दिसणं, तेही होऊ शकतं. डॉक्टर ठरावीक दिवस उतरत्या डोसच्या गोळ्या आणि बी१ जीवनसत्त्व देतात. दादांना सकाळी हात थरथरतात का, उठल्या उठल्या घोट लागतो का, आधी कधी फिट आलीय का, हे तीन प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर हो आलं तर मनोविकार विभागात किंवा फिजिशियनला दाखवून मगच थांबवायचं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

ट्रकवाला_कागल (रविवार, दुपारी १२:२०)
कंबरेचा विषय निघालाय म्हणून माझं सांगतो. माझी गाडी आहे, साखर आणि गुळाचा माल घेऊन जातो, सोळा सोळा तास सीटवर. कंबर दुखायची म्हणून ढाब्यावर गाडी लावली की संध्याकाळी घ्यायची, ती घेतली की उतरून चालता यायचं. सगळे म्हणायचे गादी सरकली, मणका, ड्रायव्हर लोकांचं असंच. कंबरेचा एक्स-रे काढला, थोडं घासलंय म्हणाले. पट्टा बांधला. दारू चालूच, कारण तिच्यानंच तर चालता यायचं.
मग हळूहळू दुखणं पुढं जांघेत यायला लागलं, मांडीतून गुडघ्यापर्यंत. मांडी घालून जेवायला बसता येईना, क्लचवर पाय उचलताना कळ, बुटाची लेस बांधताना उजवा पाय वर येईना. बायको म्हणाली तुम्ही लंगडताय. सांगलीतल्या एका हाडाच्या डॉक्टरनं कंबर बघितलीच न्हाई, झोपवून पाय आतल्या बाजूला फिरवला, मी ओरडलो. खुब्याचा एमआरआय काढला. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडलाय म्हणाले, एव्हीएन. आणि पहिला प्रश्न केला दारू किती, दुसरा स्टेरॉइड कधी घेतलं का. म्हणजे ज्या दुखण्यावर मी पीत होतो ते पिण्यानंच आणलेलं, आणि बधिर करून मी त्याच पायावर पोती उतरवत होतो. तुमच्या दादाची कंबर खरंच कंबर आहे का ते एकदा बघा, एवढंच.

कसबाबावडा_मेडिकल (रविवार, दुपारी १:०५)
हे फार महत्त्वाचं. कंबरेच्या नावाखाली अजून एक येतं, स्वादुपिंडाचं. बेंबीच्या वर दुखतं आणि आरपार पाठीत जातं, जेवल्यावर किंवा प्यायल्यावर वाढतं, पुढं वाकून बसलं की जरा बरं. तेही दारूनंच होतं आणि त्यावरही माणसं दारूच घेतात. आणि लघवी अडली किंवा बसायच्या जागेची संवेदना गेली तर ती कंबर थेट इमर्जन्सी.

उजळाईवाडीकर (सोमवार, रात्री ९:५०)
सांगायचं राहिलं, आज घेऊन गेलो दादाला. ट्रकवाले दादांचं वाचून दाखवलं त्याचा परिणाम झाला, डॉक्टरांचं वाचून मान हलवत होता पण उठत न्हवता, लंगडण्याचं वाचल्यावर उठला. हात थरथरत न्हाईत, सकाळी लागत न्हाई, फिट कधी न्हाई. तरी आधी फिजिशियनला दाखवलं, रक्त तपासायला दिलंय लिव्हरचं, गोळ्या सध्या सगळ्या बंद करून एकच दिलीय. मग दाताचं. एक्स-रेत कीड नसेपर्यंत दिसली. भूल दिली पण पहिल्या इंजेक्शननं नीट बधिर झालं न्हाई, दुसरं द्यावं लागलं, मग दाढ वरून उघडून नस काढली आणि तात्पुरतं भरलं. संध्याकाळी चहा गरम प्यायला. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय रूट कॅनल पूर्ण करायला.
एक विचारायचंय, भूल लागली न्हाई ते दारूमुळं का? तिथला कंपाउंडर म्हणाला पिणाऱ्यांना भूल चढत न्हाई.

दंतवैद्य_राजारामपुरी (सोमवार, रात्री १०:३०)
वा, फार चांगली बातमी. भुलेचं मी ठामपणे हो म्हणणार नाही. सुजलेल्या नसेभोवती आम्ल वाढलेलं असतं आणि तिथं भुलेचं औषध नीट काम करत नाही, न पिणाऱ्या बाईलाही अशा खालच्या दाढेला दोन इंजेक्शनं लागतात. पिणाऱ्यांना जास्त लागतं असं आमच्यातले बरेच जण म्हणतात, मलाही काही पेशंटमध्ये वाटलंय, पण दादांच्या बाबतीत संसर्ग हेच कारण पुरेसं आहे. निनाद, भीतीपोटी पिऊन येण्याचं तुम्ही लिहिलं होतं, तसं कुणी आलं तर मी खुर्चीत बसवत नाही. रक्त जास्त वाहतं, माणूस बधिर झाला की घाबरला ते कळत नाही, आणि नंतर द्यायच्या औषधांचा मेळ बसत नाही.
अँटिबायोटिक दिलंय का? कुठलं?

उजळाईवाडीकर (सोमवार, रात्री १०:४२)
सूज न्हाई म्हणून अँटिबायोटिक दिलं न्हाई म्हणाले.

पैलवान_गंगावेस (सोमवार, रात्री ११:००)
मला मागं दाढेला मेट्रोनिडाझोल दिलेलं, मी त्यावर दोन पेग मारले, काय झालं न्हाई. उगाच भीती घालतात.

कसबाबावडा_मेडिकल (सोमवार, रात्री ११:१५)
तुम्हाला झालं नाही म्हणजे कुणालाच होत नाही असं नाही पैलवान. चेहरा लाल, धडधड, उलट्या, असं होऊन लोक परत दुकानात आलेले मी बघितलेत.

दंतवैद्य_राजारामपुरी (मंगळवार, सकाळी ७:४०)
यावर डॉक्टरांमध्येही अलीकडं वाद आहे, वाटतं तेवढं नक्की होतं की नाही याबद्दल. पण कुणाला होणार हे आधी ओळखता येत नाही, म्हणून मी आजही कोर्स चालू असताना आणि संपल्यावर दोन तीन दिवस घेऊ नका असंच लिहून देते. ऑर्निडाझोल असलेल्या जोडगोळीलाही तेच सांगते.

उजळाईवाडीकर (बुधवार, रात्री ९:३०)
दाढ शांत आहे पण दादा म्हणतो रात्री झोपच येईना, कूस बदलत राहतो, आणि कंबर जास्तच दुखतीय. दोन रात्री घेतली न्हाई त्यानं. म्हणतो बघा, दारू होती तेच बरं होतं.

आक्का_गडहिंग्लज (बुधवार, रात्री ९:५५)
बाळा हे पहिले दिवस असेच जातात. आमच्या मालकांना झोप नीट लागायला महिना गेला. पाठीचं पण तसंच, आधी वाढलं मग उतरलं. रात्री जेवण लवकर, आणि वहिनीला सांग तो उठून बसला तर त्याच्याशी बोलत बस, एकटा ठेवू नको. पण घाम, थरथर, काहीबाही बोलणं सुरू झालं तर लगेच ने.

दंतवैद्य_राजारामपुरी (गुरुवार, सकाळी ८:०५)
आक्कांचं बरोबर आहे. मेंदूचा जोर ओसरायला वेळ लागतो, तोवर दुखणं मोठं वाटतं, काही आठवड्यांत खाली येतं. प्रत्येकाचं पूर्ण जुन्या पातळीला जातं का, किती दिवसांत, हे मी सांगू शकत नाही. कंबरेचं मात्र हाडाच्या डॉक्टरांना दाखवाच, जांघेत जातंय का ते सांगून.

ट्रकवाला_कागल (गुरुवार, दुपारी १:१५)
घरीच बघा. पाठीवर झोपवा, गुडघा नव्वदला वाकवा आणि पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवा, म्हणजे खुबा आत वळतो. जांघेत कळ आली तर कंबर न्हवे.
आणि डॉक्टर मॅडम, माझ्या उजव्या खुब्याला भोक पाडायचं ऑपरेशन झालंय, वर्ष झालं, दारू पूर्ण बंद आहे. डाव्या खुब्यात एमआरआयला थोडं दिसतंय पण दुखत न्हाई. दारू सोडलीय तर डावा वाचेल का?

दंतवैद्य_राजारामपुरी (गुरुवार, रात्री १०:१०)
दादा, हा माझा प्रांत नाही, तुमच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनाच विचारा. एवढं माहीत आहे की गोळ्याचा किती भाग गेलाय आणि वजन पडतं तिथला गेलाय का यावर बरंच ठरतं, आणि न दुखणारा खुबाही पुढं खचू शकतो. म्हणून पुढचा एमआरआय फक्त उजव्याचा न काढता दोन्हीचा काढायला सांगा, आणि जुन्या फिल्मा बरोबर न्या.

ट्रकवाला_कागल (गुरुवार, रात्री १०:३०)
जुनी फिल्म गाडीच्या केबिनमध्येच आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहे, दोन्हीचा लिहून मागतो.